तुर्कीचा शेवटचा स्वर

तुर्कीत ‘घरात’ म्हणायला ‘एव्ह’ला ‘दे’ जोडतात: एव्हदे. ‘शाळेत’ मात्र ओकुलदा. प्रत्यय एकच, रूपे दोन. प्राथमिक पातळीच्या परीक्षेत ‘कुठे’ला उत्तर देताना नवशिक्या इथेच अडखळतो.

निर्णय मूळ शब्दातला शेवटचा स्वर करतो. ए, इ आणि त्यांचे ओठ गोल करून उच्चारलेले दोन जोडीदार जिभेच्या पुढच्या भागातून येतात. त्यांच्यामागे ‘दे’ लागतो. आ, ओ, उ आणि जीभ मागे ओढून म्हटलेला ‘इ’ यांच्यामागे ‘दा’. म्हणून इझमिरमध्ये म्हणजे इझमिरदे, इस्तंबूलमध्ये म्हणजे इस्तांबुलदा. आपले पुणे पुणेदे होते, नागपूर नागपूरदा.

प्रत्ययांची साखळी लांबली तरी हाच स्वर पुढे वाहत जातो. ‘आमच्या घरांत’ हे एव्ह-लेर-इमिझ-दे: घर, अनेकवचन, आमचे, मध्ये, याच क्रमाने. शाळा घेतली की सगळी साखळी बदलते: ओकुल-लार-इमिझ-दा, आणि तिथला ‘इ’ मागच्या जिभेचा.

शेवटी कठोर व्यंजन असेल तर ‘द’चा ‘त’ होतो: किताप म्हणजे पुस्तक, पुस्तकात म्हणजे कितापता. अशी आठ व्यंजने तुर्की मुले ‘फिस्तिकची शाहाप’ म्हणजे पिस्तेवाला शहाप या नावातून पाठ करतात.

काही आगंतुक शब्द नियम मोडतात. घड्याळ, अर्थात ‘साआत’, याचे अनेकवचन साआतलार नव्हे, साआतलेर. वेळेचे प्रश्न परीक्षेत हमखास येतात, म्हणून हा शब्द आधीच पाठ करावा.