पत्ता एक, वाटा दोन

समजा, पणजी आणि मुंबई या दोन्ही शहरांतून नागपूरला जाणारी माहिती एका टेलिकॉम कंपनीच्या पुण्यातल्या राउटरवर एकत्र येते. पुण्याहून नागपूरला फायबरच्या दोन वाटा आहेत. एक छत्रपती संभाजीनगर आणि अकोल्यावरून, तर दुसरी सोलापूर आणि हैदराबादवरून. प्रत्येक वाटेची क्षमता सेकंदाला १० गिगाबिट. मुंबईहून ७ गिगाबिट येतात, पणजीहून ५. दोन्ही वाटा मिळून २० गिगाबिट नेता येतात आणि गरज फक्त १२ची आहे, म्हणजे अडचण यायला नको. तरीही ती येते.

कारण साधा राउटर पॅकेटवरचा पोहोचायचा पत्ता तेवढा बघतो. नागपूर म्हटले की त्याच्या तक्त्यात सर्वांत ‘स्वस्त’ ठरलेली एकच वाट असते आणि सगळी पॅकेटे तीच धरतात. अकोल्याच्या वाटेवर १०च्या जागी १२ गिगाबिट येऊन आदळतात, रांगा वाढतात आणि पॅकेटे गळू लागतात. हैदराबादची वाट मात्र रिकामीच. त्या वाटेची किंमत कमी करून पाहिली, तर सगळे १२ गिगाबिट तिकडे वळतात आणि गर्दी फक्त जागा बदलते. नकाशावर दोन शेपट्या आणि मधे फुगलेले पोट असा आकार दिसतो, म्हणून नेटवर्क इंजिनीअर याला ‘फिश प्रॉब्लेम’ म्हणतात.

यावर बड्या कंपन्यांनी जो उपाय स्वीकारला, तो म्हणजे मल्टिप्रोटोकॉल लेबल स्विचिंग, अर्थात एमपीएलएस. १९९६च्या सुमारास ही कल्पना पुढे आली तेव्हा वेगाची हाव मोठी होती. लांबलचक तक्त्यात आयपी पत्ता शोधण्यापेक्षा एक छोटा आकडा शोधणे राउटरला सोपे जाईल, असा हिशेब होता. २००१मध्ये तिचे मूळ मानक प्रसिद्ध झाले. तोवर पत्ते शोधणाऱ्या चिपच इतक्या वेगवान होऊ लागल्या, की वेगाचा मुद्दा मागे पडत गेला. लेबल मात्र टिकले. कुठे जायचे आणि कोणत्या वाटेने जायचे, हे दोन प्रश्न त्याने एकमेकांपासून सोडवले होते.

लेबल म्हणजे पॅकेटच्या पुढे जोडलेली ३२ बिटांची पट्टी. त्यातले २० बिट आकड्यासाठी. उरलेल्या बिटांत प्राधान्य, खाली आणखी लेबल आहे की नाही याची खूण आणि पॅकेट फिरत राहू नये म्हणून उतरता मोजणीदार असतो. आकड्याला देशभर एकच अर्थ नसतो. तो शेजारच्या दोन राउटरांनी आपापसांत ठरवलेला असतो.

आता पुन्हा पणजीकडे वळू. तिथला राउटर नागपूरकडे एक विनंती धाडतो : पुणे, सोलापूर, हैदराबाद या मार्गाने ५ गिगाबिट जागा हवी. वाटेतला प्रत्येक राउटर आपल्याकडे तेवढी जागा मोकळी आहे का ते तपासतो. उत्तर नागपूरहून उलट्या दिशेने येते आणि येता येता लेबले वाटली जातात. नागपूर हैदराबादला सांगते, ‘माझ्याकडे देण्याआधी लेबल काढून टाक.’ हैदराबाद सोलापूरला ३१ देते, सोलापूर पुण्याला ५२ देते, पुणे पणजीला ४७ देते. मग पणजीहून निघालेल्या पॅकेटवर ४७ लागते. पुण्यात त्याचे ५२ होते, सोलापुरात ३१ होते आणि हैदराबादला लेबल उतरते. पुण्याचा राउटर या पॅकेटचा आयपी पत्ता पाहतच नाही. मुंबईचे ७ गिगाबिट अकोल्याच्या वाटेने जातात, पणजीचे ५ हैदराबादच्या, आणि कोंडी सुटते. यालाच ट्रॅफिक इंजिनीअरिंग म्हणतात.

ही ५ गिगाबिटची नोंद मात्र केवळ वहीतली असते. पणजीहून उद्या ८ गिगाबिट आले, तर वेगळी मर्यादा घातल्याशिवाय त्यांना कोणी अडवत नाही. म्हणून प्रत्यक्ष वापर मोजून नोंद वेळोवेळी बदलावी लागते.

रस्ता खोदताना जेसीबीने सोलापूर–हैदराबाद फायबर तोडली, तरीही हीच यंत्रणा कामी येते. त्या तुकड्याला वळसा घालणारा मार्ग आधीच आखून ठेवलेला असेल, तर सोलापूरचा राउटर पॅकेटवर आणखी एक लेबल चढवून ते तिकडे वळवतो. बिघाड लगेच लक्षात आला, तर हा बदल साधारण ५० मिलिसेकंदांत उरकतो. फोनवर बोलणाऱ्याला तो बहुधा जाणवतही नाही.

लेबलावर लेबल चढवण्याच्या याच सोयीतून खासगी नेटवर्कांचा धंदा उभा राहिला. समजा, एका बँकेची आणि एका पॅथॉलॉजी लॅबची पणजीत शाखा आहे आणि दोघांचेही सर्व्हर नागपुरात आहेत. योगायोगाने दोन्ही सर्व्हरांचा अंतर्गत पत्ता एकच आहे : `10.1.1.5`. असे पत्ते कोणीही आपल्या घरात वापरू शकतो, त्यामुळे हा योगायोग नेहमीचाच. पणजीचा राउटर दोन्ही ग्राहकांसाठी वेगवेगळे तक्ते ठेवतो. नागपूरच्या राउटरने त्याला आधीच कळवलेले असते, की बँकेसाठी १००५ आणि लॅबसाठी १००९. बँकेच्या पॅकेटवर आधी १००५ लागते आणि त्यावर प्रवासाचे ४७. वाटेतले राउटर फक्त वरचे लेबल बदलतात. बँक कोण, लॅब कोण, याचा त्यांना पत्ताच नसतो. नागपूरला वरचे लेबल उतरलेले असते आणि आतले १००५ पाहून पॅकेट बँकेच्या तारेवर जाते. ग्राहक हजारो झाले, तरी मधल्या राउटरांचा बोजा त्यामुळे वाढत नाही.

चुका होतात त्या टोकाच्या राउटरांवर. कोणत्या ग्राहकाचे मार्ग कोणत्या तक्त्यात घ्यायचे, हे ‘राउट टार्गेट’ नावाच्या आकड्याने ठरते. तो टाइप करताना एक अंक चुकला, तर लॅबचे मार्ग बँकेच्या तक्त्यात शिरू शकतात. तक्त्यात अनोळखी पत्ते दिसू लागणे ही त्याची खूण.

दुसरी तक्रार जास्त चकवणारी आहे. प्रत्येक लेबल पॅकेटमध्ये ४ बाइटची भर घालते. म्हणजे १५०० बाइटचे पॅकेट दोन लेबलांनंतर १५०८चे होते. मधल्या एखाद्या जोडणीची मर्यादा १५००वरच राहिली असेल, तर मोठी पॅकेटे गुपचूप गळू शकतात. लॉगिन होते, पण अहवाल उघडताना पडदा गोठतो. साधी चाचणी पास होते, कारण तिचे पॅकेट छोटे असते. विंडोज संगणकावर तुकडे न करता पूर्ण आकाराचे पॅकेट पाठवले, की संशय पक्का करता येतो :

```
ping -f -l 1472 10.1.1.5
```

१४७२ बाइटमध्ये २८ बाइटची शीर्षके मिळवली, की १५०० होतात. छोट्या आकाराला उत्तर येते आणि या आकाराला येत नाही, तर ऑपरेटरला नेमकी हीच माहिती द्यावी.

‘खासगी’ या शब्दाची मर्यादाही ध्यानात ठेवायला हवी. लेबल एका ग्राहकाची माहिती दुसऱ्यापासून वेगळी ठेवते, पण ती कुलूपबंद करत नाही. ऑपरेटरच्या फायबरवर कोणी कान लावला, तर आतला मजकूर जसाच्या तसा वाचता येतो. म्हणून एमपीएलएस व्हीपीएन घेणाऱ्या बँकेने, रुग्णालयाने किंवा कारखान्याने आयपीसेकसारखे एन्क्रिप्शन स्वतःच्या दोन टोकांवर स्वतः बसवावे आणि त्याच्या किल्ल्या स्वतःकडेच ठेवाव्यात.