कायाक उलटली तर होडी सोडू नका

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. याच खाडीत हल्ली पर्यटक कायाक चालवताना दिसतात. ही कायाक म्हणजे प्लॅस्टिकची, आतून पोकळ, वरून बंद आणि माथ्यावर बसायला खोलगट जागा असलेली होडी. ती उलटली तरी बुडत नाही आणि पाण्यात पडलेला माणूस तिच्यात अडकत नाही. तरीही ती उलटल्यावर बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो, तो पोहत किनारा गाठण्याचा. नेमका तोच विचार घात करतो.

एक उदाहरण घेऊ. संगमाजवळ दोन आसनांच्या कायाकमध्ये दोघं आहेत. सकाळची वेळ, सुकती लागलेली. पर्यटकांची मोटारबोट जवळून गेली, तिची लाट आडवी आली, दोघंही दचकून एकाच बाजूला कलले आणि कायाक पलटी झाली. किनारा दीडशे मीटरवर आहे आणि तिथली माणसं स्पष्ट दिसताहेत. लाइफ जॅकेट घातलेला साधारण माणूस ताशी दोन किलोमीटर वेगानं पोहतो असं धरलं, तर त्याला किनाऱ्यापर्यंत साडेचार मिनिटं लागतील. सुकतीची ओढ ताशी तीन किलोमीटर असेल, तर तेवढ्या वेळात पाणी त्याला सव्वादोनशे मीटर समुद्राकडे नेईल. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ओढ आणखी वाढते. त्यात सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतो, म्हणजे वारा आणि पाणी दोन्ही बाहेरच ढकलतात. होडीला धरून राहिलात तरी तुम्ही वाहत जाणारच. पण परत होडीवर बसलात तर हातात वल्हं असेल, आणि वल्ह्याच्या जोरावर ओढीतून तिरकं बाहेर पडता येतं. नुसत्या हातापायांनी ते साधत नाही.

म्हणून पाण्याबाहेर डोकं येताच एका हातानं होडी धरा, दुसऱ्या हातानं वल्हं धरा आणि जोडीदाराला हाक मारा. होडी कोणत्या बाजूनं धरायची हेही महत्त्वाचं आहे. पाणी जिकडून येतंय किंवा लाटा जिकडून येताहेत, त्या बाजूला तुम्ही असायला हवं. उलट बाजूला राहिलात, तर लाट होडी तुमच्या अंगावर आणते आणि पुढे खडक किंवा पुलाचा खांब असेल, तर तुम्ही होडी आणि खांब यांच्यामध्ये सापडता.

आता होडी सरळ करायची. उपड्या तळावर आडवं होऊन पलीकडची कड किंवा मुठीचा पट्टा पकडा, गुडघे जवळच्या कडेवर टेकवा आणि अंगाचा सगळा भार मागे टाका. होडी तुमच्याकडे वळत सरळ होते. ती डोक्यावर आदळू नये म्हणून वळू लागताच मान मागे घ्या.

खरी परीक्षा वर चढताना होते. बहुतेक जण भिंत चढावी तसे हातांच्या बळावर वर यायला जातात. तेव्हा शरीर पाण्यात उभं राहतं, पाय होडीखाली ओढले जातात आणि होडी पुन्हा अंगावर उलटते. पावलं होडीच्या तळाला लागली, की समजा, तुम्ही उभे झाला आहात. अशा वेळी वर ओढायचं थांबवा आणि आधी पाय मागे पसरून पृष्ठभागावर आणा. आसनाच्या समोर या, दोन्ही हात होडीवर आडवे टाका, पोहताना मारतो तसे जोरात पाय मारा आणि पाण्यावर सपाट राहूनच पुढे घुसा. पोट आसनावर आलं की क्षणभर तसंच पडून राहा. मग कुशीवर वळून बूड आसनात टेकवा आणि शेवटी पाय आत घ्या. आधी पोट, मग बूड, मग पाय हा क्रम पाठ करून ठेवा. बसायची घाई करून पाय आधी वर घेतला, की तोल जातो.

दोघं असाल तर काम सोपं होतं. एक जण चढत असताना दुसऱ्यानं बरोबर समोरच्या बाजूनं पाण्यातून होडीची कड खाली दाबून धरायची. पहिला बसला की त्यानं दुसरा चढतो त्याच्या विरुद्ध बाजूला थोडं झुकून दुसऱ्याच्या वजनाला तोल द्यायचा. आधी कोण चढणार, हे निघतानाच ठरवलेलं बरं, कारण पाण्यात वाद घालण्यातच दम जातो.

दोन-तीनदा प्रयत्न करूनही जमलं नाही तर थांबा. दमलेल्या माणसाचा चौथा प्रयत्न पहिल्यापेक्षा कच्चाच असतो. होडी उपडी असेल, तर तिच्या तळावर आडवे पडून छाती पाण्याबाहेर ठेवा. कोकणातलं पाणी कोमट वाटलं, तरी हवेच्या मानानं पाणी शरीराची उष्णता कितीतरी वेगानं काढून घेतं, आणि बराच वेळ गेल्यावर बोटं पकड सोडू लागतात. शोधणाऱ्याच्या दृष्टीनंही विचार करा. लाटांमध्ये माणसाचं डोकं एखाद्या तरंगत्या नारळाएवढंच दिसतं. लाल-पिवळी तीन मीटरची होडी मात्र लांबून नजरेत भरते. वल्हं उभं धरून हलवा, शिट्टीचे तीन-तीन फुंकर मारत राहा. जलरोधक पिशवीतला फोन गळ्यात असेल, तर तटरक्षक दलाच्या १५५४ किंवा ११२ या क्रमांकावर कळवा.

होडी सोडायची वेळ क्वचितच येते. ती खडकांवर, फुटणाऱ्या लाटांत किंवा धरणाच्या सांडव्याकडे ओढली जात असेल, तर तिच्यापासून दूर व्हा. वाऱ्यानं ती हातातून निसटली, तर तिच्यामागे पोहू नका. रिकामी कायाक वाऱ्यावर माणसापेक्षा वेगानं पळते. मग जोडीदाराला चिकटून, गुडघे छातीशी घेऊन तरंगत राहा.

या सगळ्याचा पाया किनाऱ्यावरच घातला जातो. जॅकेटचे सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्यापाशी धरून ते वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकलं, तर ते सैल आहे, पाण्यात ते तुमचं तोंड वर ठेवणार नाही. कायाकच्या मागच्या टोकाजवळ पाणी काढायच्या भोकाला बूच असतं, ते घट्ट आहे का पाहा. बूच नसेल, तर पोकळीत हळूहळू पाणी भरतं. हलवल्यावर आत खळखळ ऐकू आली किंवा एक टोक खाली बसलेलं दिसलं, तर ती कायाक घेऊ नका, कारण अशी होडी उलटली की कुणालाही वर चढू देत नाही.

आणि निघण्यापूर्वी सोबतच्या प्रशिक्षकाला सांगा, की किनाऱ्याजवळ, पाय टेकणार नाहीत एवढ्याच पाण्यात, आम्हाला एकदा मुद्दाम उलटू द्या आणि परत चढून दाखवू द्या. यासाठी दहा मिनिटं पुरतात. ती द्यायला जो तयार नसेल, त्याच्या होडीत बसू नका.