सात बिंदू आणि एक सोदा

आलेखाच्या कागदावर सात बिंदू मांडा: (०,०), (१,१), (२,२), (३,२), (३,३), (४,४) आणि (१०,२). शाळकरी पोरही सांगेल की पहिले सहा एका तिरप्या रेषेच्या आसपास आहेत आणि सातवा कुठेतरी भरकटला आहे. डोळ्याला हे क्षणात कळतं. गणिताला मात्र कळत नाही, आणि का कळत नाही हे पाहण्यासारखं आहे.

मार्टिन फिशलर आणि रॉबर्ट बोल्स हे कॅलिफोर्नियातल्या एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेतले संशोधक. हवाई छायाचित्रातल्या ओळखीच्या खुणांवरून कॅमेरा नेमका कुठे होता हे त्यांना संगणकाकडून काढून घ्यायचं होतं. अडचण अशी की संगणक एखादी खूण थोडीशी सरकवून मोजत नसे, तो भलतीच खूण ओळखून मोकळा होत असे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात हे सात बिंदू उदाहरण म्हणून आले आहेत.

रेषा बसवण्याची रूढ रीत म्हणजे न्यूनतम वर्ग पद्धत. प्रत्येक बिंदू रेषेच्या किती वर-खाली आहे ते मोजायचं, त्या अंतरांचे वर्ग करायचे आणि त्यांची बेरीज सर्वांत कमी येईल अशी रेषा निवडायची. वर्ग केल्यामुळे दूरच्या बिंदूचा आवाज फार मोठा होतो. आपल्या सात बिंदूंना ही रीत लावली की y = 1.48 + 0.16x अशी जवळजवळ आडवी पडलेली रेषा मिळते. (१०,२) ने तिला आपल्याकडे ओढून घेतलेलं असतं.

मग कोणीही म्हणेल, सर्वांत लांबचा बिंदू काढून टाका आणि पुन्हा बसवा. करून पाहू. बिंदू रेषेपासून ०.८ पर्यंत दूर असला तर चालेल, असं धरू. या आडव्या रेषेपासून सर्वांत लांब निघतो तो (४,४), म्हणजे चांगलाच बिंदू! तो काढला की पुढच्या फेरीत (३,३) जातो आणि त्यानंतर (०,०). उरलेल्या चार बिंदूंवर y = 1.51 + 0.06x ही रेषा येते, सगळे ०.८ च्या आत बसतात आणि काम संपतं. तीन प्रामाणिक बिंदू बाहेर गेले, सोदा आत राहिला. कारण उघड आहे: ज्याने रेषा बिघडवली, त्याच रेषेने आपण दोषी शोधत होतो.

फिशलर आणि बोल्स यांनी उलटा रस्ता धरला. त्यांच्या पद्धतीला रॅन्सॅक म्हणतात. सगळ्या बिंदूंना एकदम विचारात घ्यायचंच नाही. रेषेला दोन बिंदू पुरतात, म्हणून कोणतेही दोन चिठ्ठी टाकून उचलायचे, त्यांतून रेषा काढायची आणि तिच्यापासून ०.८ च्या आत किती बिंदू येतात ते मोजायचं. हे तिचे पाठीराखे. मग पुन्हा नवी चिठ्ठी. (४,४) आणि (१०,२) उचलले गेले, तर त्या दोघांखेरीज कोणीही जवळ येत नाही. (०,०) आणि (१,१) आले, तर सहा पाठीराखे मिळतात. सर्वाधिक पाठीराख्यांची रेषा जिंकते, आणि शेवटी फक्त त्या सहांवर जुनीच न्यूनतम वर्ग पद्धत चालवायची. उत्तर येतं y = 0.92x. जुन्या पद्धतीत दोष नव्हता. तिच्यापुढे सोदा जाऊ द्यायचा नव्हता, इतकंच.

आता खरा प्रश्न: चिठ्ठ्या किती टाकायच्या? समजा, निम्मे बिंदू चांगले आहेत. दोन्ही चिठ्ठ्या चांगल्या निघण्याची शक्यता निम्म्याची निम्मी, म्हणजे पाव. जोडी नासकी निघण्याची शक्यता ०.७५. दोनदा ओळीने नासकी निघण्याची ०.७५ गुणिले ०.७५, आणि असंच पुढे. सोळा वेळा गुणाकार केला की उरते एक टक्क्याच्या केसभर वर. सतराव्या वेळी ती एक टक्क्याखाली जाते. म्हणजे १७ प्रयत्नांत निदान एक निर्भेळ जोडी सापडण्याची खात्री ९९ टक्के. हेच सूत्रात असं लिहितात:

```
N = log(1 - p) / log(1 - w^2)
```

इथे w म्हणजे चांगल्या बिंदूंचं प्रमाण, p म्हणजे हवी असलेली खात्री, आणि आलेला N वरच्या पूर्णांकापर्यंत न्यायचा. चांगले ८० टक्के असतील तर ५ प्रयत्न पुरतात. ३० टक्के असतील तर ४९, आणि जेमतेम १० टक्के असतील तर ४५९. सूत्रात बिंदूंची एकूण संख्या कुठेच नाही, हे मला त्यातलं सर्वांत सुंदर वाटतं. दहा हजार बिंदूंतून जवळपास पाच कोटी जोड्या होतात; निम्मे चांगले असतील तर तिथेही सतराच.

पण w आधी कुणाला ठाऊक असतो? म्हणून तो चालता चालता ठरवतात. समजा, २०० बिंदू आहेत. पहिल्या जोडीला २० पाठीराखे मिळाले, म्हणजे w निदान १० टक्के धरू, N झाला ४५९. सहाव्या प्रयत्नात ६० मिळाले: w ३० टक्के, N ४९ वर उतरला. चौदाव्या प्रयत्नात १०४ मिळाले: w ५२ टक्के, N फक्त १५. आणखी एक जोडी पाहायची आणि थांबायचं. चांगली रेषा सापडली नाही तर N मोठाच राहतो आणि शोध चालू राहतो.

या हिशेबात एक फट आहे. सूत्र निर्भेळ जोडीचं वचन देतं, चांगल्या रेषेचं नाही. आपल्याच उदाहरणात (३,२) आणि (३,३) दोन्ही सज्जन, पण त्यांतून जाणारी रेषा सरळ उभी आणि तिला त्या दोघांशिवाय पाठीराखा नाही. (२,२) आणि (३,२) घेतले तर रेषा आडवी पडते आणि तिसरा पाठीराखा म्हणून चक्क (१०,२) येतो. जवळजवळचे बिंदू मोजमापाच्या बारीक चुकीनेही रेषेची दिशा फिरवतात. म्हणून जाणकार सूत्राने दिलेल्या आकड्याच्या दुप्पट-तिप्पट प्रयत्न करतात, किंवा फार जवळच्या जोड्या टाकून देतात.

दुसरा धोका त्या ०.८ मध्ये आहे. ही मर्यादा सैल ठेवली तर जवळपास कोणत्याही रेषेला पाठीराखे मिळतात. ९० टक्के बिंदू आत आले की N होतो ३, आणि कार्यक्रम पहिल्याच बऱ्यावाईट रेषेवर समाधानाने थांबतो. मर्यादा मोजमापाच्या चुकीवरून ठरवावी: चुकीचं प्रमाण विचलन माहीत असेल तर त्याच्या साधारण दुप्पट, कारण मग सुमारे ९५ टक्के चांगले बिंदू आत राहतात.

तुमच्या माहितीवर हे वापरणार असाल, तर चिठ्ठ्यांचा क्रम बदलून तोच कार्यक्रम चार-पाच वेळा चालवा. रेषा दर वेळी तीच आली तर ठीक. दर वेळी वेगळी आली, तर प्रयत्न कमी पडत आहेत किंवा मर्यादा चुकली आहे, आणि त्यातल्या एकाही रेषेवर विसंबू नका.