मण्यार चावली तर सकाळची वाट पाहू नका

जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात साप कोरडी जागा शोधत घरात शिरतात आणि माणसं जमिनीवर झोपलेली असतात. वावरसारख्या गावाच्या पाड्यांवर घात करते ती बहुधा मण्यार. ती रात्री फिरते, आणि झोपलेल्याला तिचा दंश मुंगी चावल्यासारखा वाटतो. सूज नाही, कधी कधी खूणही दिसत नाही.

पहाटेची पोटदुखी

समजा, रात्री दोनला काहीतरी चावलं म्हणून बाई उठली. काही दिसलं नाही, पुन्हा झोपली. पहाटे पोटात कळा आल्या, उलटी झाली. घरच्यांना वाटलं, अपचन. मग पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं, थुंकी गिळेना. पुढची पायरी श्वासाची.

मण्यारीचं विष नसांच्या टोकांवर बसतं. प्रतिविष रक्तात फिरणारं विष निकामी करतं. नसांवर झालेली इजा मात्र भरून काढत नाही. उशिरा पोचलेल्याला म्हणूनच कित्येक दिवस कृत्रिम श्वासावर ठेवावं लागतं. अशा रुग्णाचे डोळे उघडत नाहीत, हात हलत नाही, तरी त्याला ऐकू येत असतं. मेला समजून थांबू नका.

भगताचा गुण

भगताकडे गेलेले बरेच जण बरे होतात, हे खरंच आहे. कारण पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडत नाही. पण हा दंश कोणता, हे ओट्यावर बसून कळत नाही. लक्षणांची वाट पाहायची ती रुग्णालयातच. तिथेही सुई लगेच टोचत नाहीत: पापण्या, श्वास बघतात, रक्त काचेच्या नळीत 20 मिनिटं ठेवून गोठतं का पाहतात आणि लक्षणं नसली तरी 24 तास ठेवून घेतात. जखम कापणं, चोखणं, पाला लावणं यात फक्त वेळ जातो, वर घोणस-फुरशाच्या दंशात कापलेली जागा वाहतच राहते.

वाटेत

चावल्याची वेळ लक्षात ठेवा. अंगठी, जोडवी, कडं, बांगड्या काढा. हातपाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा आणि रुग्णाला चालवू नका. रस्ता नसेल तर डोली लगेच निघू द्या; त्याच वेळी 108ला फोन करून गाडी रस्त्यापर्यंत बोलवा. दोरी आवळू नका. कोणी आधीच घट्ट आवळली असेल तर वाटेत झटकन सोडू नका, डॉक्टरांसमोर सोडा.

उलटी होत असेल किंवा लाळ गळत असेल तर कुशीवर झोपवा, नाहीतर ती श्वासनलिकेत जाते. पाणी, चहा, दारू काही देऊ नका. श्वास थांबलाच तर तोंडाने श्वास देत राहा, गाडी थांबवू नका. साप मारून आणायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालतं.

निघतानाच मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जव्हारच्या कुटीर रुग्णालयात फोन करून विचारा, प्रतिविष आहे का आणि डॉक्टर हजर आहेत का.