हंपीचे दगड वाचताना

हंपीचे अवशेष मैलोन्‌मैल पसरले आहेत, आणि ते सगळे एका दिवसात उरकायला गेले की दुपारपर्यंत प्रत्येक खांब सारखाच दिसू लागतो. नवख्या माणसाने एका सकाळी फक्त राजवाड्याचा परिसर पाहावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. तरीही उजाडताच निघावे, कारण ग्रॅनाइटच्या शिळा तापल्या की सूर्यास्तानंतरही धग सोडत राहतात. भर दुपार कमलापूरच्या संग्रहालयात घालवावी. तिथे हंपीची मोठी प्रतिकृती आहे. ती पाहिल्यावर विखुरलेले अवशेष एका नगराचे भाग म्हणून कळतात.

राजवाड्यांच्या जागी आज नुसते दगडी चौथरे आहेत. वरचे बांधकाम बरेचसे लाकडी होते आणि 1565 च्या पराभवानंतरच्या विध्वंसात ते नष्ट झाले. हे ठाऊक नसेल तर तिथे पाहण्याजोगे काहीच वाटत नाही.

जवळच पायऱ्यांची पुष्करणी आहे. तिच्या काळ्या दगडांवर कोरलेली बारीक अक्षरे आणि खुणा जरूर शोधाव्यात: कोणता दगड कोणत्या बाजूला, कितव्या थरात बसवायचा, हे त्यांत नोंदले आहे. म्हणजे दगड आधी घडवून मग इथे जुळवले गेले. परवानाधारक वाटाड्या ठरवताना राजांच्या गोष्टींपेक्षा अशा खुणा आणि पुष्करणीत पाणी आणणारी दगडी पन्हळ दाखवायला सांगावे. ती पन्हळ धरून चालत गेले की शहराची पाणीव्यवस्था आपोआप उलगडते.