शेततळं उपसायला वीज किती?

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली. तेव्हा तिच्यातल्या सर्वांत मोठ्या तळ्याचं माप होतं ३० × ३० × ३ मीटर. समजा असं एक तळं काठोकाठ भरलंय आणि सगळं पाणी उपसून काठापर्यंत आणायचंय. ऊर्जा किती लागेल? बारावीच्या मुलाला हे इंटिग्रल आयतं लिहून दिलं तर तो दोन मिनिटांत सोडवेल. अडतं ते शब्दांतून इंटिग्रलपर्यंत येताना.

एक किलो पाणी एक मीटर उचलायला साधारण ९.८ ज्यूल लागतात. पण इथे प्रत्येक किलो वेगवेगळ्या उंचीने चढतो. वरचं पाणी जवळजवळ जागेवरच आहे, तळाचं तीन मीटर चढणार. म्हणून पाण्याचे पातळ आडवे थर करायचे. एका थरातलं सगळं पाणी सारख्याच खोलीवर असतं, त्यामुळे त्याचा हिशेब साध्या गुणाकाराने होतो. उभे काप घेतले तर ही सोय जाते, कारण एकाच कापात काठाचंही पाणी येतं आणि तळाचंही.

आता चल ठरवू. काठापासून खाली मोजलेली खोली x मीटर. तळ्याच्या बाजू उताराच्या असतात. हा उतार एकास एक धरू, म्हणजे एक मीटर खाली गेलं की प्रत्येक बाजू एक मीटर आत येते. समोरासमोरच्या दोन्ही बाजू आत येत असल्याने x खोलीवर तळ्याची रुंदी ३० − २x मीटर उरते. (इथे ३० − x लिहिणारे पुष्कळ भेटतात.) थराची जाडी dx, तीही मीटरमध्येच. थराचं घनफळ (३० − २x)² dx आणि चढायची उंची x. x काठाशी ० आणि तळाशी ३, म्हणून सीमा ० ते ३.

ऊर्जा = १००० × ९.८ × ∫ x (३० − २x)² dx

आता आकडेमोडीच्या आधी एककं तपासू. घनता किलो प्रति घनमीटर, तिला थराच्या घनमीटरने गुणलं की किलो. गुरुत्व त्वरणाने गुणलं की न्यूटन, उंचीच्या मीटरने गुणलं की न्यूटन-मीटर, म्हणजेच ज्यूल. जुळलं. घाईत उंचीचा x राहून गेला असता तर उत्तर न्यूटनमध्ये आलं असतं आणि चूक तिथेच पकडली गेली असती. या तपासणीत dx चं मीटर मोजायला विसरू नये. ते शेपूट नव्हे, थराची जाडी आहे.

इंटिग्रलची किंमत ३०५१ येते. गुणाकार केला की सुमारे २ कोटी ९९ लाख ज्यूल. वीजबिलातलं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, तेव्हा साधारण ८.३ युनिट. प्रत्यक्षात पाणी काठाच्याही वर चढवावं लागतं आणि मोटारीत, पाइपात ऊर्जा वाया जाते, त्यामुळे मीटर याच्या कितीतरी पुढे पळेल.

पण एककांची तपासणी सगळ्याच चुका पकडत नाही. समजा कोणी खोली तळापासून वर मोजली आणि तिला y म्हटलं. तेही चालतं, मग रुंदी २४ + २y, उंची ३ − y, सीमा पुन्हा ० ते ३ आणि किंमतही तीच ३०५१. गोंधळ होतो तो दोन्ही पद्धती मिसळल्या की. रुंदी वरून मोजलेली ३० − २x आणि उंची मात्र ३ − x असं लिहिलं तर ३५३७ येतात. एककं ज्यूलच आणि उत्तर साफ चूक!

ही चूक सरासरी उंचीवरून कळते. पाण्याचं घनफळ २१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर. ३०५१ ला २१९६ ने भागलं की सरासरी उंची सुमारे १.३९ मीटर. तळं वर रुंद आहे, बरचसं पाणी काठाजवळ आहे, म्हणून सरासरी दीड मीटरच्या आतच हवी. चुकीच्या मांडणीत ती १.६१ येते, आणि ते शक्यच नाही.

उन्हाळ्यात पाणी काठापासून एक मीटर खाली गेलं तर सूत्र तेच राहतं, फक्त सीमा १ ते ३ होतात. ‘दोन मीटर पाणी उरलंय’ म्हणून ० ते २ लिहिलं तर आपण नसलेलं वरचं पाणी उपसतो आणि तळाचं विसरतो. आणि त्या आटलेल्या एका मीटरमध्ये तळ्याचं ३८ टक्के पाणी होतं, पण उपशाच्या ऊर्जेत त्याचा वाटा जेमतेम साडेतेरा टक्के.