चालू आहे, पण कुणासाठी?

ऑक्टोबर २०२३मध्ये ओक्टा या लॉगिनची सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाली. तिची ग्राहक असलेल्या क्लाउडफ्लेअरचे पासवर्ड आणि टोकनही त्यात उघडे पडले. ते बदलताना क्लाउडफ्लेअरकडून हजारोंपैकी चार राहून गेले: एक टोकन आणि तीन सर्व्हिस खात्यांचे पासवर्ड. ते वापरात नाहीत, अशी कंपनीची समजूत होती. त्यातलं एक खातं स्मार्टशीट या बाहेरच्या सेवेला जिराशी जोडण्यासाठी होतं आणि त्याला जिरात ॲडमिनचे अधिकार होते. नोव्हेंबरच्या मध्यावर घुसखोर याच वाटांनी आत शिरले. २३ नोव्हेंबरला ते लक्षात आलं. ग्राहकांच्या माहितीला धक्का लागला नाही, पण नंतर कंपनीने ५,०००हून अधिक पासवर्ड आणि टोकन बदलले.

वापरात नसलेलं खातं बंद करायला हवं होतं, वापरात असेल तर त्याचा पासवर्ड बदलायला हवा होता. दोन्ही झालं नाही, आणि दर तिमाहीच्या तपासणीत नेमकी हीच फट शोधायची असते.

सिंक म्हणजे ठरलेल्या वेळी एका यंत्रणेतली माहिती दुसरीकडे नेणारं काम. समजा, पुण्यातल्या एका औषध वितरकाकडे रात्री अडीच वाजता दिवसभराच्या ऑर्डर अहवालाच्या डेटाबेसमध्ये जातात. जुलैच्या तपासणीत पहिलं काम म्हणजे यादी. लिनक्सवर ती साधारण अशी मिळते:

```
sudo crontab -l -u backup
systemctl list-timers --all
```

पहिली आज्ञा `backup` या एकाच खात्याची कामं दाखवते, म्हणून ती प्रत्येक खात्यासाठी चालवावी लागते. शिवाय `/etc/cron.d` हे फोल्डर वेगळं उघडून पाहावं लागतं. बाहेरच्या सेवांमध्ये माउसच्या दोन क्लिकवर जोडलेले सिंक या यादीत येतच नाहीत. ते त्या त्या सेवेच्या सेटिंगमधूनच गोळा करावे लागतात, आणि विसरले जातात ते बहुतेक हेच.

यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर जबाबदार माणसाचं नाव हवं, नुसतं ‘आयटी विभाग’ नको. मग खरा प्रश्न येतो: पोहोचलेली माहिती शेवटची कुणी वाचली? इथे बरेच जण फसतात. रोज रात्री हिरवी खूण दिसते, म्हणून सिंक वापरात आहे असं ते धरून चालतात. हिरवी खूण फक्त माहिती पोहोचल्याचं सांगते. वितरकाच्या त्या ऑर्डरींवर आधारलेला अहवाल मार्चमध्येच नव्या सॉफ्टवेअरवर गेलेला असू शकतो. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टेबल किती वेळा वाचलं गेलं याची नोंद `pg_stat_user_tables`मध्ये असते, पण सिंक लिहिण्यापूर्वी जुनी नोंद शोधत असेल तर तेही वाचन त्यातच मोजलं जातं. म्हणून आकड्यावर न थांबता कोणत्या खात्याने वाचलं ते पाहावं आणि अहवाल पाहणाऱ्या माणसालाही विचारावं.

कुणी वाचत नाही असं ठरलं, तरी सिंक लगेच पुसून टाकू नये. आधी तो थांबवावा, तारीख लिहावी आणि किमान एक महिनाअखेर जाऊ द्यावी. काही सिंक मार्चअखेरच्या हिशेबासाठी वर्षातून एकदाच उपयोगी पडतात, त्यांना तीन महिन्यांचा नियम लावणं चूक ठरेल. त्यांच्यासमोर पुढची गरज कधी आहे ते लिहून ठेवावं.

सिंक थांबला म्हणून त्याचा पासवर्ड किंवा की बंद होत नाही, आणि सगळ्यात जास्त निष्काळजीपणा इथेच होतो. वितरकाने क्रॉनमधली ओळ काढली तरी ॲमेझॉनच्या क्लाउडवरची की तशीच जिवंत राहते. ती सर्व्हरवरच्या एखाद्या फाइलमध्ये, बॅकअपमध्ये, कदाचित नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवरही असते. म्हणून दुसरी यादी क्रेडेन्शियल्सची करावी आणि ती सिंकच्या यादीशी ताडून पाहावी. ज्या कीसमोर एकही चालू काम नाही, ती बेवारस. तिचा शेवटचा वापर असा दिसतो:

```
aws iam get-access-key-last-used --access-key-id <कीचा आयडी>
```

तारीख सिंक थांबवण्याच्या आधीची असेल, तर की निष्क्रिय करावी. निष्क्रिय केलेली की पुन्हा सुरू करता येते, पुसलेली परत येत नाही. काही आठवडे कुणाची तक्रार आली नाही की मग पुसावी. तारीख सिंक थांबल्यानंतरची असेल, तर कुणीतरी ती अजून वापरतंय. यादीतून सुटलेलं एखादं काम असेल किंवा कुणी बाहेरचा. अशा वेळी क्लाउडट्रेलच्या नोंदींत त्या कीने कोणत्या आयपी पत्त्यावरून काय मागितलं ते त्याच दिवशी तपासावं. पत्ता ओळखीचा नसेल, तर तक्रारींची वाट न पाहता की तत्काळ निष्क्रिय करावी.